क्रेडिट म्हणजे कुणाचं जमा

गुंडोरावांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या दोन खोल्यांत आई सकवारबाई आणि बायको हेमावती निजलेल्या असत. ते अंधारातच धोतर नेसून, दाराशी रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात पाटावर बसून आदल्या दिवसाच्या बेरजा पुन्हा करून पाहत. घरी कागद आणायची सक्ती कुणी केली नव्हती. जी बेरीज एकदाच केली ती अर्धीच केली, असं त्यांचं मत. उजाडताना मांबलम स्टेशनवर गाडी धरायची, बीच स्टेशनला उतरायचं आणि जॉर्ज टाऊनमधल्या राजगोपाल मुदलियारांच्या रंगाच्या दुकानाचं कुलूप निघायच्या आत दाराशी हजर.

मुदलियार एका मुंबईच्या रंगकंपनीचे वितरक होते. मद्रास आणि चेंगलपट्टू जिल्ह्यातले छोटे दुकानदार त्यांच्याकडून माल उचलत. गुंडोराव त्यांचे हिशेबनीस. हमाल त्यांना 'कणक्कु अय्या' म्हणत, म्हणजे हिशेबवाले साहेब. हिशेबनीस गोडाऊनमध्ये सहसा जात नाही. वर बसून चिठ्ठीवरचा आकडा वहीत उतरवतो. गुंडोराव जात. डबे मोजत, पिंप वाजवून पाहत, शिडी चढून वरची रांगही बघत. एकदा एक पिंप फळीवरून घसरलं तेव्हा त्यांनी खांदा लावला होता. हमालांचा म्होरक्या मुनुसामी हे विसरला नव्हता. वजन उचलणारा माणूस दुसऱ्याने उचललेलं वजन विसरत नाही.

१९६१ साली कंपनीने नवी योजना काढली. एप्रिल ते मार्च या वर्षात वितरकाने दोन लाखांच्या वर माल उचलला, तर पूर्ण खरेदीवर शेकडा दीड रिबेट, म्हणजे सूट. परत केलेला माल वजा धरायचा. आणि पैसे रोख मिळणार नव्हते. वर्ष संपल्यावर कंपनी क्रेडिट नोट पाठवणार होती. या योजनेआधी सूट मिळायची ती बिलावरच कापून मिळायची. सबंध वर्षाचं एकदम आणि कागदावर, हे दुकानाला नवीन होतं.

मार्चच्या मध्यावर गुंडोरावांनी खरेदी जुळवली. परतीचा माल वजा जाऊन एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. मुदलियारांनी हनुवटी खाजवली.

"अजून चौदा हजारांचा माल मागवतो. ठेवायला जागा आहे का?"

"जागा नाही. करावी लागेल," गुंडोराव म्हणाले.

"मग करा. दोन लाखांची पट्टी ओलांडली आणि वर्षाचा नफा गेल्या वर्षाच्या खाली गेला नाही, तर प्रत्येकाला एक महिन्याचा पगार जास्त. हमालांनाही. सांगा त्यांना."

आईची कवळी करायची राहिली होती, ती त्या जास्तीच्या पगारात होईल असा हिशेब करत गुंडोराव खाली गेले. मुनुसामी बिडी विझवत म्हणाला, "शेठचा शब्द आम्ही ऐकलाय, अय्या. दिवाळीपर्यंत टिकतो, मग खपली निघते. तुमचा शब्द सांगा."

"माझा शब्द," गुंडोराव म्हणाले.

मग मुनुसामी आणि त्याच्या तीन हमालांनी दोन रविवार काम केलं. अर्धं गोडाऊन मोकळं करून पिंपं तीन थरांत लावली. तिसऱ्या थराला पिंप चढवायचं म्हणजे दोघांनी खालून खांदा द्यायचा आणि एकाने वरून दोर ओढायचा. पाठीचा मणका किती जुना आहे ते तेव्हा कळतं. एकतीस मार्चच्या आत माल आत आला. एकूण खरेदी दोन लाख बारा हजार.

मेमध्ये कंपनीचं पाकीट आलं. आत एक कागद, ठळक इंग्रजीत 'क्रेडिट नोट'. रक्कम तीन हजार एकशे ऐंशी रुपये. खाली वाक्य: वरील रकमेने आपलं खातं क्रेडिट केलं आहे. गुंडोरावांनी खरेदीला दीड टक्का लावून पाहिला. रक्कम बरोबर होती. मार्चची वही लेखापरीक्षकाची वाट पाहत उघडीच होती, आणि रिबेट त्याच वर्षाच्या खरेदीवरचं, म्हणून त्यांनी ते मार्चअखेरीतच धरलं. तेही बरोबर होतं.

चूक पुढे झाली. वडिलांनी त्यांना तंजावरला हिशेब मराठीत शिकवला होता. क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे. आणि वडिलांचा नियम होता, कागद बोलतो ते लिही, आपलं मन त्यात घालू नकोस. कागद क्रेडिट म्हणत होता. गुंडोरावांनी कंपनीच्या खात्याला तीन हजार एकशे ऐंशी जमा केले. एका खात्याला जमा केलं की दुसऱ्याला नावे टाकावंच लागतं. ते त्यांनी नवीन उघडलेल्या रिबेट खात्याला टाकले. दोन्ही बाजू सारख्या. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची बेरीज, काढली, जुळली. दोनदा काढली, दोनदा जुळली. उलट्या बाजूंनी केलेली नोंदही जुळतेच.

जूनमध्ये मुदलियारांनी नफ्याचा आकडा मागवला. ते मधल्या ओळी वाचत नसत, शेवटची वाचत.

"गेल्या वर्षीपेक्षा पाच हजारांनी कमी," ते म्हणाले. "एवढी पिंपं आणली आणि हे? मग कसला जास्तीचा पगार."

गुंडोराव खाली गेले आणि सांगितलं. मुनुसामीने एवढंच म्हटलं:

"अय्या, तुमच्या शब्दात टर्पेंटाईन जास्त पडलं. हात लावला तर पुसला गेला."

बाकीचे हसले. गुंडोराव हसले नाहीत. त्या दिवसापासून ते गोडाऊनमध्ये मोजायला गेले की हमाल उठून उभे राहत, आणि मोजून होईपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. पूर्वी हमाल त्यांना आपल्यातलं समजून बसूनच बोलत.

जुलैत कंपनीचा खातेउतारा आला: मार्चअखेरपर्यंतच्या मालाचं तुमच्याकडून येणं आता अठरा हजार चारशे साठ, ते द्यावं. मुदलियारांच्या वहीत कंपनीचं देणं चोवीस हजार आठशे वीस होतं.

"कमी मागतायत ना? द्या तेवढं आणि गप्प राहा," मुदलियार म्हणाले.

"सहा हजार तीनशे साठांचा फरक आहे."

"आपल्या बाजूचा फरक आहे. देवाने दिलंय."

"देव खातेउतारा पाठवत नाही," गुंडोराव म्हणाले. एवढं ते कधी बोलत नसत. मुदलियारांनी डोळे वर करून पाहिलं आणि जायला हाताने खूण केली. कंपनीकडे जा की जागेवर जा, ते त्या खुणेत स्पष्ट नव्हतं. गुंडोरावांनी पहिला अर्थ घेतला.

कंपनीची मद्रास शाखा सेकंड लाईन बीच नावाच्या रस्त्यावर होती. तिथले अकाउंटंट विद्याधर दातार पुण्याहून बदलीवर आलेले.

"तुम्हांस एक विचारणे आहे," गुंडोराव उभ्यानेच म्हणाले. "मजला तुमच्या उताऱ्याचा मेळ बसेना."

विद्याधर खुर्चीत मागे रेलले. "बसा हो. तुमचं तंजावरी मराठी ऐकलं की बखर वाचतोय असं वाटतं. तीन वर्षं झाली इथे, अजून सवय होत नाही."

"तुमचे मराठी आम्हांस रेडिओसारखे लागते," गुंडोराव म्हणाले. "बोलते भराभर, आणि मध्ये थांबवता येत नाही."

विद्याधर हसले आणि कॉफी मागवली. मग फरकाचा आकडा पाहिला.

"फरक समान भागात जातो का पाहिलंत? अर्धा करा."

गुंडोरावांनी केला. तीन हजार एकशे ऐंशी.

"रिबेट," ते म्हणाले.

"चूक बाजूला पडलं की फरक दुप्पट होतो. एकदा वजा व्हायला हवं ते झालं नाही, वर अधिक झालं. आमच्याकडे काय केलंय ते बघा." विद्याधरांनी आपलं खातं उघडलं. "तुम्ही आमचे देणेकरी. तुमचं खातं आमच्याकडे नावे बाजूला उभं. मार्चअखेरीस रिबेट आमचा खर्च म्हणून नावे टाकला आणि तेवढीच तरतूद जमा केली, कारण विक्री त्या वर्षातली. मेमध्ये नोट काढली तेव्हा तरतूद नावे टाकून मिटवली आणि तुमचं खातं जमा केलं. तुमचं देणं तेवढं उतरलं. नोटेतलं क्रेडिट हे आहे."

"कागद तुमच्या वहीचे बोलतो," गुंडोराव म्हणाले.

"कागद नेहमी पाठवणाऱ्याच्या वहीचं बोलतो. तुमच्या वहीत आम्ही घेणेकरी, आम्ही जमा बाजूला. आमचं येणं उतरवायचं तर आमचं खातं तुम्ही नावे टाकायचं. आणि रिबेट तुमची मिळकत, ते जमा."

"मी मिळकत खर्चात घातली."

"होय. नफा तेवढ्याच्या दुपटीने कमी दिसला असेल."

गुंडोरावांनी कॉफी संपवली, कारण दुसऱ्याने मागवलेली कॉफी टाकायची नसते. मग उठले.

दुपारी त्यांनी वहीत जुनी नोंद खोडली नाही. खोडलेल्या नोंदीवर लेखापरीक्षकाचा संशय जातो, आणि माणसावरही. त्यांनी खाली नवी नोंद लिहिली: कंपनीचं खातं नावे सहा हजार तीनशे साठ, रिबेट खातं जमा सहा हजार तीनशे साठ, कारण, आधीची नोंद उलट बाजूंना पडली होती. निम्म्या रकमेने चूक पुसली गेली, निम्म्याने खरी नोंद झाली. कंपनीची बाकी अठरा हजार चारशे साठ. मग ते वही घेऊन मुदलियारांसमोर उभे राहिले. सतरा वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच.

"चूक माझी. कुणाची नाही," ते म्हणाले आणि दोन्ही नोंदी दाखवल्या.

मुदलियारांनी या वेळी मधल्या ओळीही वाचल्या.

"म्हणजे सहा हजारांनी नफा वाढला."

"वाढला नाही. होताच. मी झाकला होता."

"गेल्या वर्षीच्या वर?"

"तेराशे साठांनी वर."

मुदलियारांनी वहीचं पान अंगठ्याने घासलं. "मी तुमच्या आकड्यावर बँकेकडे गेलो असतो तर? कर भरताना?"

गुंडोरावांनी नवी नोंद पुन्हा त्यांच्यापुढे धरली.

"हमालांना द्या," शेवटी मुदलियार म्हणाले. "गाडीच्या ड्रायव्हरला द्या. तुम्हाला नाही."

"सरी," गुंडोराव म्हणाले. ठीक आहे.

त्यांनी पगाराची पाकिटं स्वतः खाली नेली. मुनुसामीने नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या.

"शेठचं डोकं फिरलं का?"

"माझं फिरलं होतं. मी उलट बाजूला लिहिलं होतं."

"उलट म्हणजे?"

"तू पिंप गाडीत चढवायचं सोडून उतरवलंस, आणि चिठ्ठीवर चढवलं लिहिलंस. तसं."

मुनुसामीने विचार केला. "मग तर दोन पिंपांचा घोळ. एक गेलं नाही, वर एक परत आलं."

"तेवढाच," गुंडोराव म्हणाले.

"आणि तुमचं पाकीट?"

"नाही."

मुनुसामीने आपल्या पैशांतला वाटा देऊ केला नाही. तो त्याच्या दोन रविवारांचा होता आणि गुंडोरावांनी तो घेतलाही नसता. त्याने फळीवरची जागा झाडली आणि बिडी पेटवली. गुंडोराव मोजायला वळले, तेव्हा कुणी उठून उभं राहिलं नाही.

त्या नोकरीत ते आणखी आठ वर्षं राहिले. पुढच्या साली रिबेट पुन्हा आलं आणि योग्य बाजूला पडलं. जास्तीचा पगार मात्र त्यांना पुन्हा कुणी देऊ केला नाही, म्हणून सकवारबाईंची कवळी नेहमीच्या पगारातून, पाँडी बाजारच्या दंतवैद्याकडे सहा हप्त्यांत झाली. वरची आधी, खालची नंतर.