आखाजीच्या मुहूर्तावर धाडलेले अर्ज

माझी नोकरी साखर कारखान्याच्या कचेरीत, लोकांचे अर्ज उघडण्याची. रोज सकाळी डोळ्यांवर चष्मा चढवून न्यायाधीशाच्या थाटात बसतो. शिक्षा एकच, फायलीत दफन.

गेल्या आषाढात म्हसावदहून भाची आली. बी.एस्सी. केमिस्ट्री, शिवाय एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामभर उसाच्या रसाची ब्रिक्स, पोल, म्हणजे रसातली साखर तपासलेली. दोन वर्षं अर्ज करत होती आणि उत्तर एकाचंही नव्हतं. पोळ्यापर्यंत बोलावणं आलं नाही तर बापानं ठरवलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असा शब्द तिनं दिला होता.

"मामा, मी इतली नालायक शे का?"

"उघड मोबाईल. आधी मुडदा दाखव, मग कारण सांगतो," मी म्हटलं. ती हसली नाही.

पत्र वाचलं. सुरुवातीलाच वडील कुठल्या कारखान्याचे जुने सभासद, किती ऊस घालतात, घराणं कसं. रस तपासल्याचं कुठंच नाही. दुसऱ्या कारखान्याचा माणूस हे वाचून म्हणणार, ही तर त्यांची पोर! अर्ज केलेली पदंही चीफ केमिस्टची, जिथं अनुभवाचे केस पांढरे लागतात. आणि सगळ्या कारखान्यांचे पत्ते एकाच ओळीत, एकाच ईमेलमध्ये, दोन्ही वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी.

तिचे वडील तिला न्यायला आले होते. ते ताठ झाले. "मुहूर्तवर धाडेल शेतस अर्ज! वाया कसा जातीन?"

"दाजी, आखाजीले बॉयलर थंडा व्हई जातस. हंगामी मानसं घर जातस. वाचाले शे कोन?"

पत्रातला सभासदाचा परिच्छेद दाजींनीच सांगून लिहवला होता. पोरीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला हळूच म्हणाली, "म्हंजे मी नालायक नव्हती ना, मामा?" आणि दोन वर्षांचं रडू माझ्या टेबलावर मोकळं झालं. मी चष्मा उतरवून ठेवला.

नवीन पत्र तिनं लिहिलं. पहिल्या ओळीत लॅब केमिस्टचं पद, दुसरीत आपण काय तपासू शकतो ते. जिथं जागा तिथंच, प्रत्येकाला वेगळं. हंगामाची भरती पुढं होणार होती. पोळा मात्र आधी आला.

बैल सजले, पुरणपोळ्या झाल्या, फोन वाजला नाही. मी दाजींचे पाय धरायचे बाकी ठेवले. "शब्द तिन्हाच व्हता," ते म्हणाले. तिनंही मान हलवली. साखरपुडा झाला. मी तिथं नकला करून सगळ्यांना हसवलं.

गणपतीत मुलाखतीचं बोलावणं आलं. तिनं ते मला वाचून दाखवलं, दोनदा, अगदी सावकाश. होणाऱ्या सासरच्यांना तिनं विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं होतं.

"नकार मी लिहू का?" मी विचारलं.

"नको मामा," ती म्हणाली, "मन्हा अर्ज शे, मीच लिखसू."