तिचं आधीच ठरलं होतं

भाईंदरच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मी आणि माझी मैत्रीण शेजारी बसायचो. नोकरी सोडून जवळच्याच इंद्रलोक वस्तीत खोली घ्यायची आणि स्वतःचं काम सुरू करायचं, असं आमचं ठरलं होतं. तेव्हा माझ्याकडे अ‍ॅनिमेट करायला एक शॉट आला. कोळ्याची मुलगी घर सोडावं की नाही, याचा विचार करते.

मी मैत्रिणीला म्हटलं, "तू अभिनय करून दाखव, मी मोबाइलवर शूट करते. ते बघून मुलगी हलवेन."

तिची नजर थेट दाराकडे गेली, मागोमाग मान वळली आणि अंगाचा भारही त्याच पायावर गेला.

"अगं, घराकडेही बघ. जरा थांब, मग भार बदल. हिचं तर आधीच ठरलंय असं वाटतंय."

ती हसली, पण पुढच्या तिन्ही वेळा तिने तेच केलं. शेवटी मी मनानेच केलं. मुलीचे डोळे दाराकडे, मग चुलीकडे, मग ती बराच वेळ स्तब्ध, एकदा पापणी लवते आणि तेव्हा कुठे पाय बदलतो. शॉट पास झाला.

सोमवारी मैत्रिणीची खुर्ची रिकामी होती. स्टुडिओचे सर म्हणाले, "तिने महिन्यापूर्वीच राजीनामा दिलाय. मालाडच्या एका स्टुडिओत जातेय. तुला माहीत नव्हतं?"

तो अख्खा महिना ती माझ्याबरोबर खोल्या बघत फिरत होती.

दुपारी तिचा मेसेज आला, "सांगणारच होते गं." मी मोबाइलमधले तिचे चारही व्हिडिओ पुन्हा लावून पाहिले.