पाटलांना पाठवलेला तिळगूळ

मानापानाचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. साताऱ्यात वकिली करणाऱ्याला हा तिटकारा परवडत नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

युद्ध चालू होतं, साखर रेशनवर होती. वाईच्या खालच्या अंगाला कृष्णाकाठच्या एका गावचे पाटील माझे अशील होते. खरं काम त्यांच्या बहिणीचं. ती विधवा, सामाईक विहिरीवरची तिची पाण्याची पाळी दिरानं बंद पाडली होती आणि तिच्या वाट्याचा ऊस उभ्या उभ्या वाळत होता. खालच्या कोर्टात आम्ही हरलो होतो. अपिलाला तीस दिवस, अधिक नक्कल मिळायला गेलेले दिवस. मुद्दे भक्कम होते. पण भावाशिवाय तिनं कोर्टाची पायरी चढायची नाही, हा त्या घरचा दंडक होता.

डिसेंबराच्या अखेरीस पाटील आले ते भलताच विषय घेऊन. होळी पेटवण्याचा आणि होळीत पहिली पोळी टाकण्याचा मान आपला, तो भावकीतल्या दुसऱ्या घरानं बळकावला, तर आता दावा लावा. त्यांनी सोबत चार माणसं आणली होती. तीही तावातावानं माना हलवत होती. निव्वळ मानाचा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही, एवढं मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पाटील, कुणाची पोळी आधी जळाली याची नोंद सरकार ठेवत नाही. आपापल्या पोळ्या घरी खा, पोटात तरी जातील."

बाकावर बसलेले इतर पक्षकार खो खो हसले. पाटलांचा चेहरा काळानिळा पडला.

"हसू करता व्हय आमचं? चार माणसांत?"

"कायदा सांगतोय."

"कायदा न्हवं, टवाळी हाय ही. वकील काय तुमी एकलंच न्हाई साताऱ्यात."

त्यांनी टेबलावरचं दप्तर उचललं आणि निघाले. त्या दप्तरात बहिणीच्या निकालाची नक्कल होती. ती जोडल्याशिवाय अपील दाखल होत नाही आणि नव्या वकीलपत्रावर तिचा अंगठाही घ्यायचा होता.

दोन आठवडे मी गप्प बसलो. चूक त्यांची, येतील आपण होऊन, असं मनाशी घोकत राहिलो. ते दुसऱ्या वकिलाकडेही गेले नाहीत, हे कोर्टात कानावर आलं. म्हणजे रुसून घरी बसले होते आणि मुदत सरत होती. संक्रांत आली तेव्हा हाताशी आठ दिवस उरले होते.

माझे कारकून वयानं वडील आणि व्यवहारात माझ्यापेक्षा शहाणे. ते म्हणाले, "साहेब, नोटीस धाडलीत तर ते फाडतील. तिळगूळ धाडा. संक्रांतीचा तिळगूळ कुणी परत करीत नाही."

हे खरं होतं. भांडलेल्या माणसालाही या दिवसात तिळगूळ देता येतो आणि माफी मागितली असं कुणाला म्हणता येत नाही. सगळेच सगळ्यांना देतात. शिवाय रथसप्तमीपर्यंत सवड असते, तेव्हा घेणाऱ्यालाही लगेच विरघळावं लागत नाही. पण मला स्वतःची किळस आली. वर्षभर एकमेकांचे गळे धरायचे आणि एका दिवशी तीळ चघळत हसायचं, या प्रकाराची मी आजवर यथेच्छ चेष्टा केलेली होती.

कारकुनांनी बाजारातून सांगलीचं छापील कार्ड आणलं. सोनेरी मोर, खाली चार ओळींची कविता. मोराच्या चेहऱ्यावर नगराध्यक्षाचा भाव होता. मी ते बाजूला टाकलं आणि साध्या कागदावर हातानं लिहायला बसलो.

कारकुनांनी मजकूर सुचवला, "झाले गेले विसरून जावे."

"ते लिहिलं की झालं गेलं आधी आठवतं."

"मग अपिलाची मुदत तरी घाला."

"ती घातली की तिळगुळाचं समन्स होतं."

शेवटी उरलं ते इतकंच : राजमान्य राजश्री पाटीलसाहेब यांचे सेवेशी सप्रेम नमस्कार विनंती विशेष. संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठविला आहे. तो घ्यावा आणि गोड बोलावे. मातोश्रींस शिरसाष्टांग नमस्कार. ताईंना वेगळी पुडी आहे, ती त्यांच्या हाती द्यावी. कळावे, लोभ असावा.

'सेवेशी' लिहिताना टाक दोनदा अडला. शाईचं निमित्त करून मी उठलो, परत बसलो, लिहिलं. वडी तिळाची आणि गुळाची. बायकोनं नाक मुरडत बांधून दिली, कारण पाटलांबद्दलची माझी मतं तिनं जेवताना पुष्कळ ऐकली होती. पोस्टानं पाठवली असती तर आणखी एक कागद ठरला असता, म्हणून कारकून स्वतः मोटारीनं गेले.

संध्याकाळी ते परतले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"घेतला?"

"घेतला. पण साहेब, पत्र चावडीवर वाचून दाखवलं सगळ्यांना. म्हणाले, बघा, वकिलानं पाय धरलं आमचं."

टेबलावर तिळाच्या वडीचा तुकडा पडला होता, तो मी खिडकीबाहेर फेकला. दुसरं पत्र लिहावं, मी कुणाचे पाय धरलेले नाहीत असं खडखडीत कळवावं, यासाठी कागदही पुढे ओढला. मग उसाचा विचार आला. कागद परत ठेवला.

तिसऱ्या दिवशी भर कचेरीत पाटील हजर झाले. डोक्याला नवा फेटा, मागे बहीण, हातात परातीएवढं फडकं. त्यांनी त्यातून लिंबाएवढा तिळाचा लाडू काढला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"घ्या वकीलसाहेब. आन् गोड बोला."

बाकावर तेच पक्षकार होते. लाडू दगडासारखा होता. मी तो तोंडात घेतला आणि चघळत बसलो. बोलणं शक्यच नव्हतं. पाटलांना ते फार आवडलं.

"आता होळीचं?" त्यांनी विचारलं.

मी घास गिळला. "पाटील, गावात तुमचा मान मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण नुसत्या मानाचा दावा कोर्ट ऐकूनच घेत नाही. लावला तर खारीज होईल आणि भावकी हसेल. हे मी होऊ देणार नाही."

त्यांनी फेट्याचा शेमला चाळवला. "हेच तवा असं बोलला असता तर?"

पहिल्या दिवशीही कायदा हाच होता. त्या दिवशी मला तो सांगायचा नव्हता, माणसं हसवायची होती. पाटलांना चार माणसं लागतात म्हणून मी त्यांना हसतो, आणि मलाही त्या दिवशी बाकावरची माणसं लागली होती.

त्यांनी दप्तर टेबलावर ठेवलं. कारकुनांनी वकीलपत्र उलगडून शाईची डबी पुढे केली. बहिणीनं पदर सावरला, अंगठा टेकवला, कागदाच्या कडेला पुसणार होती तो कारकुनांनी चिंधी दिली. पाटील दारात कुणाला तरी आपल्या लाडवाची हकिकत सांगायला गेले, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पुडी पावली मला. पर आवं, पत्र लिवायला लय दिस लावलं तुमी."

"तुमच्या दादांनी दप्तर नेलं होतं, ताई."

"दादा तसलाच हाय, त्येला सगळा गाव वळखतो. तुमी शिकल्यालं. दोगांचं रुसणं फिटंस्तवर खालची चार वाफं जळाली माजी."

ती अंगठा पुसत उठली. अपील त्याच दिवशी दुपारी दाखल केलं. मुदतीला पाच दिवस बाकी होते.