पाच वर्षांचा खुलासा

माझ्या रेझ्युमेचा पहिला मसुदा वाचून नवऱ्यानं विचारलं, "हे जॉबसाठी आहे की जामिनासाठी?"

कॅनडात, व्हिटबीत येऊन मला आठ महिने झाले होते. एका कॉफीच्या दुकानात सकाळची शिफ्ट करत होते. काम वाईट नव्हतं, पण मी सिव्हिल इंजिनिअर आहे हे हळूहळू मलाच खरं वाटेनासं झालं होतं. चौदा ठिकाणी अप्लाय केलं होतं आणि चौदाही ठिकाणी शांतता होती. आता पंधरावी जागा निघाली होती ती जवळच्याच एका नगरपालिकेत, बांधकाम परवान्यांच्या काउंटरवर. नकाशे तपासायचे, लोकांना नियम समजावून सांगायचे. मला येणारं आणि आवडणारं असं हे एकच काम. ते गेलं असतं तर मी सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेणं सोडून दिलं असतं, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. ठरवण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे, पुढचं मात्र देवावर.

अडचण एकच. पदवीनंतर दोन वर्षं मी एका कन्सल्टंटच्या ऑफिसात नकाशे तपासले, आणि मग पुढची पाच वर्षं पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास केला. पाच वर्षं! अभ्यासिकेत खिडकीजवळची खुर्ची माझी, हे तिथल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मी उठले की ते बसायचं. पूर्वपरीक्षा चारदा पास झाले, मुख्य एकदा, मुलाखतीला एकदाच पोचले आणि अंतिम यादीतून थोडक्यात राहिले. किती थोडक्यात, ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण आमच्यातला माणूस ते सांगायला लागला की थांबत नाही. आमच्या अभ्यासिकेत कुणी नापास झालेलं मी पाहिलेलं नाही, सगळे थोडक्यात राहिलेले.

तर रेझ्युमेच्या वरच्या भागात, जिथं तीन-चार ओळींत आपण काय करू शकतो ते लिहायचं असतं, तिथं मी इंग्रजीत अकरा ओळींचं उत्तर लिहिलं होतं. हो, उत्तरच. प्रस्तावना, मुख्य भाग आणि समारोप. प्रस्तावनेत या परीक्षेला किती लोक बसतात आणि जागा किती कमी असतात. मुख्य भागात एका वर्षी कोर्टाची स्थगिती आली, एका वर्षी साथीमुळे परीक्षा पुढं ढकलली, दोनदा अभ्यासक्रम बदलला. समारोपात, या सगळ्यातून माझी चिकाटी दिसून येते. शेवटी "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" असं प्रतिज्ञापत्रही जोडलं होतं. फोटो, जन्मतारीख आणि विवाहित असल्याची नोंद होतीच.

"अगं, गॅप दिसला की ते स्किपच करतात," नवरा म्हणाला. तो नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, आणि त्याच्या आयुष्यात दोन नोकऱ्यांच्या मध्ये एक शनिवार-रविवार एवढीच काय ती गॅप. "सरळ फ्रीलान्स कन्सल्टंट लिही ना. ऑफिसात एकानं तेच केलं होतं."

"कुणाला कन्सल्ट केलं म्हणून सांगू?"

"मला. मी रेफरन्स देतो. युअर ॲडव्हाइस वॉज लाइफ-चेंजिंग."

मी ते खरंच टाइप करून पाहिलं. हे सांगायला लाज वाटते, पण दोन दिवस ते तसंच ठेवलंही. मग लक्षात आलं की सरकारी जागेवर घेण्याआधी ते जुन्या ठिकाणी फोन करून चौकशी करतात. पाच वर्षं राज्यघटना घोकलेल्या बाईनं खोट्या माहितीवर सरकारी नोकरीत शिरायचं म्हणजे फारच झालं. पुसून टाकलं आणि अकरा ओळी परत आणल्या.

लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर नव्यानं आलेल्या लोकांना नोकरी शोधायला मदत करणारं एक ऑफिस आहे. तिथं मला एक बाई मिळाल्या. साठीच्या, गळ्यात चष्मा, आधी शाळेत शिकवायच्या. त्यांनी माझं पान शांतपणे वाचलं. वाचताना भुवई जरासुद्धा हलली नाही, त्यामुळे मला आमच्या मुलाखतीचं पॅनल आठवलं आणि मी पाठ ताठ केली.

"हे तू कुणाला उत्तर देतेयस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"जे वाचतील त्यांना."

"पण त्यांनी अजून काहीच विचारलं नाहीये."

आता यांना काय सांगू! मला विचारत नव्हतं असं कोण उरलं होतं? मेसवाल्या काकू विचारायच्या, घरमालक विचारायचे, लग्नात जेवायच्या पंगतीत वाढणारा विचारायचा, "मग, यंदा काय?" मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईनं तर हॉलतिकीट बघायला मागितलं होतं. पाच वर्षांत मला इतक्या जणांनी विचारलं की प्रश्न यायच्या आधीच माझं उत्तर निघायला लागलं.

बाईंनी मला पेन्सिल दिली. म्हणाल्या, यातले "जरी", "तरी", "फक्त" आणि "दुर्दैवाने" या अर्थाचे इंग्रजी शब्द गोल कर. मी गोल करायला लागले. "दुर्दैवाने" चारदा निघालं. "जरी" सात. "फक्त"चा हिशेब सोडून दिला. पान गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही, म्हणून मी वॉशरूम कुठं आहे ते विचारलं.

परत आले तोवर त्यांनी एक कोरा कागद ठेवला होता. "वरच्या ओळींत त्यांना तुझा काय उपयोग, तेवढंच लिहायचं. गॅप तिथं नकोच. ती खाली, वर्षांच्या क्रमात, तिच्या जागी. नोकरी जशी लिहितेस तशीच."

वर मग एवढं उरलं: सिव्हिल इंजिनिअर, नकाशे तपासण्याचा दोन वर्षांचा अनुभव, नियम बारकाईनं वाचून साध्या भाषेत समजावून सांगता येतात, काउंटरवर लोकांशी बोलायची सवय. ही शेवटची गोष्ट कॉफीच्या दुकानातून आली होती. खाली, अनुभवाच्या यादीत, वर्षं घालून एक ओळ: महाराष्ट्राच्या नागरी सेवा परीक्षांचा पूर्णवेळ अभ्यास, मुलाखतीच्या टप्प्यापर्यंत. तिच्याखाली विषय: स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे, सार्वजनिक प्रशासन.

"पण यातून निवड झाली नाही हे दिसतं," मी म्हटलं.

"निवड झाली असती तर तू आज माझ्यासमोर बसली असतीस का?"

मी ती ओळ तशीच ठेवली. शिवाय मुलाखतीत विचारलंच, तर दोन वाक्यं पुरेत, असं त्या म्हणाल्या. काय केलं ते एक, त्यातलं इथं काय कामाला येईल ते दुसरं. मग गप्प बसायचं. गप्प बसायची प्रॅक्टिस मी आठवडाभर नवऱ्यासमोर केली. त्याला तो आठवडा फार आवडला.

पंधराव्या ठिकाणाहून बोलावणं आलं. समोर तिघं होते. दारातच मी आत येऊ का म्हणून विचारलं, बसा म्हणेपर्यंत उभी राहिले, तेव्हा ते तिघंही गोंधळून उठून उभे राहिले. पुढं पाऊण तास मात्र बरा गेला. मागच्या अंगणात परवान्याशिवाय लाकडी ओटा, म्हणजे डेक, बांधून रागावून आलेल्या माणसाशी कसं बोलशील, असं विचारलं. एक नकाशा दिला, त्यात जिन्याची मापं चुकली होती, ती मी दाखवली. सगळं विचारलं. ती पाच वर्षं तेवढी विचारली नाहीत. मी वाट बघत होते. माझी दोन वाक्यं तयार होती, इस्त्री करून ठेवलेली.

शेवटी मधल्या मॅनेजर बाई म्हणाल्या, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

आणि मी, आठवडाभर गप्प बसायला शिकलेली मी, म्हणाले, "तुम्हाला माझ्या त्या पाच वर्षांबद्दल नाही विचारायचं?"

त्यांनी पान खाली-वर बघितलं. "वाचलं ना आम्ही. तुम्ही अभ्यास करत होतात." मग पान बाजूला ठेवत, "अजून काही?"

मी पार्किंग कुठं मिळतं ते विचारलं.

घरी येताना मला स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटत होती. हातातोंडाशी आलेला घास मी स्वतःच्या हातानं पाडून आले, अशी माझी खात्री होती. नऊ दिवसांनी फोन आला. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्या होत्या, त्यांच्या जागी वर्षभरासाठी मला घेतलं होतं.

शनिवारी सकाळी मी अप्पांना फोन लावला. अप्पा म्हणजे माझे वडील. ते तहसील कचेरीत शिपाई होते, मी पाचव्या वर्षी मुलाखतीपर्यंत पोचले, त्याच वर्षी रिटायर झाले. साहेबांच्या केबिनबाहेरच्या स्टुलावर त्यांची नोकरीतली सगळी वर्षं गेली, आणि त्या केबिनमध्ये मी बसावं म्हणून माझी पाच वर्षं.

"म्हणजे सरकारीच ना?" अप्पांनी पहिला प्रश्न टाकला.

"नगरपालिका आहे अप्पा. एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट."

"परीक्षा कधी झाली?"

"परीक्षा नव्हती. बोलावून विचारलं फक्त."

परीक्षेशिवाय सरकारात घेतात हे त्यांना पटत नसावं. मग मी त्यांना तो सगळा घोळ सांगितला, अकरा ओळी, पेन्सिल, चार वेळचं "दुर्दैवाने". ते हसले नाहीत.

"एवढं कशाला लिहिलंस गं?" म्हणाले. "मला कचेरीत रोज विचारायचे. साहेब विचारायचे, कारकून विचारायचे, चहावाला विचारायचा. पोरगी काय करते? मी म्हणायचो, अभ्यास करते. पाच वर्षं तेवढंच म्हणालो. दुसरं काय सांगायचं असतं त्यात?"

अप्पा माझ्याबद्दल एका ओळीत बोलतात, ते त्यांना माझी लाज वाटते म्हणून, असं मी इतकी वर्षं समजत होते.