व्याजदरावरचं माझं पत्र

मी शिकवायचो ती शाळा विनाअनुदानित, त्यामुळं पेन्शनच्या नावानं ठणठणाट. आमचं घर चालतं ते बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजावर. ठेव मी आणि बायको, दोघांच्या नावावर. मुदत संपली तशी ती आपोआप पुढं चालू झाली, आणि तिमाहीचं व्याज जमा झालं तेव्हा कळलं की दर घसरलाय. फॉर्मवर आपोआप नूतनीकरणाची खूण मीच केली होती, हे मला क्लार्कनं दाखवलं. माझा तिळपापड झाला.

घरी येऊन पेपरला पत्र लिहिलं. डाळ, गॅस, औषधं चढतीवर आणि आमचं व्याज उतरतीवर. बचत करणाऱ्याला वाली कोण? संपादकानं अर्धं कापलं, पण छापलं. दोन दिवस मी आमच्या सेलू गावात उगाच चकरा मारल्या, कुणीतरी विचारावं म्हणून.

विचारलं ते एका जुन्या विद्यार्थ्यानं. कात्रण घेऊनच घरी आला, पाया पडला. "सर, लय भारी लिवलंय तुमी. आमच्या पतसंस्थेत ठेवा की. बँकेपेक्षा तीन टक्के जास्त देतो."

तीन टक्के! मला रात्रभर झोप नाही. मुदतीआधी मोडली तर बँक दंड कापणार, तरी आपण फायद्यातच, असं मनाशी घोकत सकाळीच बायकोला घेऊन बँक गाठली. मुदतीआधी मोडायला दोघांच्याही सह्या लागतात.

मी सही ठोकली आणि फॉर्म तिच्यापुढं सरकवला. तिनं पेन खाली ठेवला.

"मी न्हाई करणार."

"अगं, लोकं बघायलेत. कर की सही!" माझा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"बघू द्या. अहो, व्याज कमी झाल्यापासून मी बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायले. चाललं तसंच. उद्या ती पतसंस्था बुडाली तर मग काय जेवण बी एक दिवसाआड करू?"

मी फॉर्म घडी करून खिशात घातला. गोळ्यांचं पाकीट तीच आणायची, तीच संपवायची. पत्रात मी औषधांचे भाव लिहिले होते, घसा कोरडा करून चार जणांना वाचूनही दाखवले होते. पण ही गोळ्या टाळतेय हे त्याच घरात राहून मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली, आणि तिचा रागही आला, की मला सांगितलं का नाही.

"सांगितलं का न्हाईस?" बाहेर आल्यावर विचारलं.

"तुमी पत्र लिहायलता," ती म्हणाली.

मी तिला तसंच समोरच्या मेडिकलवर नेलं. पूर्ण महिन्याच्या गोळ्या मागितल्या. दुकानदारानं पाणी दिलं आणि त्या दिवशीची गोळी तिनं माझ्यादेखत घेतली.