सहीची जागा

राजापेठेतल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात लोक रागात येतात आणि मला त्यांचा राग सभ्य भाषेत बसवावा लागतो. त्या सकाळी राग मोबाईलवर आला. विमा कंपनीच्या नकारपत्राचा फोटो, कागदावर निळ्या औषधाचा डाग, दावा क्रमांकावर घडी. खाली चार ओळी: ‘साखर बारा वर्षांपासून आहे. एजंटासमोर गोळी खाल्ली, त्यानं फॉर्मवर लिवलं नाही. लबाड कोण? अर्ज लिवून द्या. आमच्या मालकायले सांगू नका, भेतात ते. रुख्मिणी.’

साखरेचा आजार लपवला म्हणून आरोग्य विम्याचा दावा फेटाळला होता. पण पॉलिसी सहा वर्षं खंड न पडता चालू होती. पाच वर्षं उलटल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला माहिती लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे मी तेच मांडलं, एजंटाची गोष्ट घातली, ‘लबाड’ काढला. क्रमांकाची जागा रिकामी ठेवून घडी उलगडून दुसरा फोटो मागवला.

दुपारी शेंदूरजनाघाटहून खुशालराव आले. संत्र्याच्या बागेत उभं आयुष्य गेलेला धिप्पाड माणूस. त्यांनी खिशातून कागद काढला. तोच डाग, तीच घडी. फवारणीच्या पेटीत बायकोपासून लपवून ठेवला होता म्हणे. मला हसू येणार होतं, त्यांचा चेहरा पाहून आलं नाही.

“रुख्मिणीले सांगू नका मॅडम. पुढच्या आठवड्यात तिच्या हृदयात दुसरा स्टेंट बसवाचा हाय. हे समजलं तं ती दवाखान्यात पाय नाही ठेवत. मंग मी काय करू?”

त्यांच्या कागदावरून क्रमांक भरून मी अर्ज छापला आणि सहीची जागा दाखवली. पॉलिसी रुख्मिणीबाईंच्या नावावर, सही त्यांचीच लागणार. खुशालरावांनी पेन उचललं. तिची सही मले जमते, म्हणाले.

मी कागद ओढून घेतला आणि त्यांना चांगलंच झापलं. सहा वर्षांत कंपनीला जी फसवणूक सापडली नाही, ती तुम्ही स्वतःच्या हातानं करून देता का? ते खुर्चीत बसले ते बसलेच. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. आता मलाही भीती वाटू लागली. न सांगण्याचं त्या बाईंनी बजावलं होतं, आणि स्टेंटच्या आधी उत्तर हवं तर अर्ज लवकर जायला हवा होता.

शेवटी मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. चार ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी घरी फोन लावला, स्पीकरवर.

“अर्ज तयार हाय. सही कराले घरी घेऊन येतो.”

पलीकडून रुख्मिणीबाईंनी विचारलं, “लय भेले का तुमी?”

“हो,” खुशालराव म्हणाले. “तू?”

“मी बी.”