पाचशे नंबरची फाईल

सूड घ्यायला धीर लागतो म्हणतात. मला धीर अजिबात नव्हता, पण माझ्या हाती सर्व्हरचा पासवर्ड आला आणि धीर आपोआप आला.

राहनाळला आमच्या शेठचं ऑफिस होतं. बापजाद्यांच्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली आणि शेतकऱ्याचे शेठ झाले, असा त्या पट्ट्यातला सरसकट प्रकार. शेठ माणूस रोखठोक. लायसन्सचे पैसे कशाला द्यायचे म्हणून त्याने सगळ्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, फुकटचं लिनक्स टाकून घेतलं होतं. ठाण्याहून एक इंजिनिअर यायचा, मशीन लावायचा, निघून जायचा. मागचं सगळं मी बघायची. कल्याणला कोर्स केला होता आणि घरात कमावती मी एकटी, त्यामुळे नोकरी मला जीवापाड हवी होती.

बिलिंगचे साहेब माझ्या समोरच्या टेबलावर बसायचे. वय पन्नाशीचं, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मधासारखं. मी लागले तेव्हा त्यांनी शेठला, मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं होतं, "माणूस जरा घरदार बघून घ्यावा." आमचं घरदार कुठलं, आम्ही कुणाचे, ते माझ्या आडनावावरूनच त्यांना कळलं होतं. मी ऐकून कामाला लागले. पण विसरले नाही.

एका पावसाळ्याच्या तोंडावर एका मोठ्या कंपनीला गोदामाचे रेट पाठवायचे होते. शेठने स्वतः बसून नवे रेट ठरवले, फाईल सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली. कुणीतरी ती काढून टाकली आणि तिच्या जागी त्याच नावाने गेल्या वर्षीची फाईल टाकली. कोटेशन जुन्या रेटने गेलं. चूक सुधारून पाठवेपर्यंत कंपनी चिडली आणि शेजारच्या गोदामवाल्याकडे गेली. शेठचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जात होता.

तेव्हा साहेब उठले, म्हणाले, "शेठ, चला, सर्व्हरवरच बघू ना. मशीन काय खोटं बोलतं?" सगळे सर्व्हरभोवती जमले. फाईलसमोर, फाईलच्या मालकाच्या रकान्यात, माझं नाव होतं.

"बाय, ही फाईल तुजी हाय का?" शेठने विचारलं.

"मी नाही टाकली, शेठ."

"मंग तुजं नाव कसं आलं?"

मी माझ्या मशीनवर जाऊन बघितलं, तिथेही माझंच नाव. सगळ्यात संताप याचाच येतो, की मलाही ते खरं वाटलं. रात्री जेवताना मी आठवत बसायची, नेमकं कधी केलं असेल आपण हे? आईला म्हणाले, माझं डोकं ठिकाणावर नसेल. आई म्हणाली, तुझं डोकं ठिकाणावर आहे, जेव.

शेठने काढलं नाही, एवढी मेहरबानी. पण मला वळ गावातल्या दुसऱ्या गोदामाच्या गेटवर बसवलं, येणाऱ्या गाड्यांची नोंद करायला. पत्र्याची केबिन, एक मशीन, आणि दिवसभर ट्रकची धूळ. हमाल खिडकीतून डोकावायचे, "मॅडम, गाडी लगी है, एंट्री मारो." ती माणसं भली होती. पण महिन्यातून एकदा साहेब तपासणीला यायचे, माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "बघा हं मॅडम, नीट सेव्ह करा." असं म्हणून हसायचे. ते हसू मी साठवून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत धंदा वाढला. माणसं आज राहनाळला तर उद्या वळला बसायची, आणि प्रत्येक मशीनवर प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड. एखाद्याला मशीनवर खातंच नसायचं, मग तो शेजाऱ्याच्या नावाने काम करायचा. शेठ वैतागला. ठाण्याचा इंजिनिअर दुबईला गेला होता. शेठने मला वळहून बोलावलं. "बाय, एकच पासवर्ड सगलीकडं चालंल असं कायतरी कर. तुला येतं का?"

"येतं," मी म्हणाले. अर्धवटच येत होतं, बाकीचं शिकून घेतलं.

पद्धत तशी सरळ असते. सर्व्हरवर एक सामाईक यादी ठेवायची, डिरेक्टरी म्हणतात तिला. तिच्यात प्रत्येक माणसाचं नाव, पासवर्ड आणि त्याचा स्वतःचा एक नंबर. कुणीही कुठल्याही मशीनवर बसलं की मशीन त्या यादीला विचारतं, हा कोण, पासवर्ड बरोबर आहे का? बरोबर असेल तर आत. त्याच्या फाईलीही सर्व्हरवर, म्हणजे माणूस कुठेही बसो, सामान तेच. यात एकच भीती, सर्व्हर बंद पडला की सगळेच बाहेर. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून शेठकडून आधी सर्व्हरसाठी चांगला इन्व्हर्टर मागून घेतला.

यादी बनवायची तर आधी प्रत्येक मशीनवर कोणकोण आहे आणि कुणाचा नंबर काय, ते बघावं लागतं. मी एकेक मशीन उघडत गेले. साहेब जेवायला गेले होते तेव्हा त्यांच्या मशीनशी बसले. पहिलंच नाव साहेबांचं. नंबर पाचशे.

पाचशे माझा नंबर होता. माझ्या मशीनवर आणि सर्व्हरवरही.

त्या काळच्या आमच्या लिनक्सवर पहिलं खातं उघडलं की त्याला पाचशे नंबर मिळायचा, पुढच्याला पाचशे एक. माझ्या आणि बाकी सगळ्यांच्या मशीनवर पहिली मी, फक्त त्यांच्या मशीनवर पहिले ते. आणि फाईलवर नाव लिहिलेलं नसतंच. फाईलवर असतो फक्त नंबर. बघणारं मशीन आपापल्या यादीत तो नंबर शोधतं आणि तिथलं नाव दाखवतं. साहेबांनी टाकलेली फाईल सर्व्हरवर माझ्या नावाने दिसणार, माझ्या मशीनवरही माझ्या नावाने. फक्त एका मशीनवर ती त्यांच्या नावाने दिसणार होती. त्यांच्या स्वतःच्या.

मी तिथेच त्या फोल्डरमधली ती रेटची फाईल बघितली. समोर साहेबांचं नाव. माझे कान तापले. त्या दिवशी "सर्व्हरवरच बघू" असं कोण म्हणालं होतं, ते लख्ख आठवलं.

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. साहेब जेवून आले, बडीशेप चघळत म्हणाले, "काय मॅडम, मशीन बरं आहे ना माझं?" मी म्हणाले, "एकदम छान आहे, साहेब. तुमचं सगळ्यात शेवटी करते."

नवी यादी झाली, प्रत्येकाला नवा, वेगळा नंबर मिळाला. मशीनवरची जुनी खाती मी पुसत गेले, कारण मशीन आधी स्वतःच्या घरात बघतं आणि मगच सर्व्हरला विचारतं, जुनं खातं राहिलं तर तेच पुढे येतं. साहेबांचं मशीन तेवढं हात न लावता ठेवलं. माझंही. राहिला प्रश्न जुन्या फाईलींचा. त्यांच्यावर पाचशेच लिहिलेलं. त्यातल्या कुठल्या माझ्या, कुठल्या त्यांच्या, हे मशीन सांगू शकत नाही. माणसानेच सांगायला पाहिजे.

मी शेठला म्हणाले, "तुमच्यासमोर झालेलं बरं. उगाच नंतर माझ्यावर नको." शेठ खुर्ची ओढून बसला. साहेबांना मी माझ्या शेजारी बसवलं. ऑफिस कामात होतं, पण कान सगळ्यांचे इकडे.

मी फाईलीचं नाव वाचायची, साहेब सांगायचे. जूनचं बिल? "माझी." चलनांची यादी? "माझी." क्रम मीच लावला होता. सुरुवातीला माझ्या आणि त्यांच्या मिसळून, मग नुसत्या त्यांच्या, एकामागून एक. साहेब कंटाळले, खिडकीबाहेर बघत उत्तरं देऊ लागले. माझी. माझी. माझी. मग त्याच आवाजात, जरासुद्धा न थांबता, मी रेटच्या फाईलीचं नाव घेतलं.

"माझी," साहेब म्हणाले.

आणि लगेच, "नाही नाही, ती तुमची. सगळ्यांनी बघितलंय."

"मग तुमच्या मशीनवर बघू," मी म्हणाले. "शेठ, या इकडे."

साहेब जागचे हलले नाहीत. शेठने त्यांच्या मशीनवर नाव वाचलं, मग येऊन माझ्या मशीनवर वाचलं. "फाईल एक आन् नावं दोन? ही काय भानगड?" मी नंबरचं समजावून सांगितलं. शेठ शाळा सोडलेला माणूस, पण त्याला पटकन कळलं. "म्हंजे मशीनला ठावं न्हाय, कुनी टाकली."

"नाही शेठ. साहेबांना ठाऊक आहे." मी साहेबांकडे वळले. "त्या दिवशी शेठना सर्व्हरवर न्यायच्या आधी तुम्ही तुमच्या मशीनवर बघितलं होतं?"

साहेब चष्मा पुसत राहिले. शेठ म्हणाला, "बोला की."

"बघितलं होतं."

"कुणाचं नाव होतं?"

ते इतकं हळू बोलले की फक्त मलाच ऐकू आलं. मी म्हणाले, "शेठना ऐकू आलं नाही."

"माझं," साहेब म्हणाले. "मला वाटलं मशीन बिघडलंय. मग शेठना न्यायच्या आधी सर्व्हरवर बघितलं, तिथे तुमचं दिसलं, तर... माझी मुलगी लग्नाची होती हो तेव्हा, नोकरी गेली असती तर..." आणि हात जोडले. "चुकलं, मॅडम."

शेठ म्हणाला, "झालं गेलं, बाय. परत तुज्या टेबलावर बस. मानूस म्हातारा झालाय."

माझ्या घरी पण पोरगी होती, कमावती, मीच ती. तिला यांनी वर्षभर स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला लावली. मी माफ केलं नाही. त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघूनही मला दया आली नाही, आणि आजही येत नाही.

ती फाईल मी सर्व्हरवरून साहेबांच्या नव्या नंबरावर केली. राहिलेली दोन्ही मशीनं यादीला जोडली. मग म्हणाले, "आता तपासून घ्यावं लागेल. साहेबांचं खातं सगळीकडे चालतंय का, आणि फाईल सगळीकडे एकाच नावाने दिसतेय का."

हे तपासणं खरोखरच गरजेचं होतं, शेठला नाही म्हणता येईना.

साहेबांना मी एकेका मशीनशी नेलं. बसा, नाव टाका, पासवर्ड टाका. आता ती फाईल बघा. वाचा. मोठ्याने वाचा, साहेब, मला नोंद करायचीय. डिस्पॅचच्या मशीनवर त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. अकाउंट्सच्या मशीनवर वाचलं. शेठच्या केबिनमध्ये वाचलं. प्रत्येक टेबलावरचा माणूस काम थांबवून बघत होता. शेवटी त्यांच्याच टेबलाशी आलो, तिथेही वाचलं. त्यांचा इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"मॅडम, सगळीकडे चालतंय," ते म्हणाले. "पुरे करा आता."

बाहेर शेठच्या जीपचा ड्रायव्हर मी आधीच तयार ठेवला होता.

"वळचं गेट राहिलंय, साहेब," मी म्हणाले. "चला."